चौतीस जेवणांचा हिशेब

पुढे छापलेले पत्र पांढरकवड्याहून हैदराबादला गेले. आईने ते मुलीला तिच्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात लिहिले. पत्र घरचे आहे आणि त्यातला बहुतेक मजकूर किराण्याचा आहे: एका माणसाला एक महिना काय काय लागेल, किती लागेल, कशात ठेवावे, आणि बिघडले तर कसे ओळखावे. मायलेकींनी नावे न छापण्याच्या अटीवर ते आमच्या हाती दिले. शब्द आईचेच ठेवले आहेत, फक्त घरगुती निरोप तेवढे वगळले आहेत.

पत्र वाचण्याआधी ते कुठून निघाले हे ठाऊक असलेले बरे. पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. नागपूर-हैदराबाद महामार्ग गावाला लागूनच जातो. पूर्वी त्याचा क्रमांक सात होता, आता चव्वेचाळीस आहे. दक्षिणेला पाटणबोरी, मग पैनगंगा, आणि नदी ओलांडली की आदिलाबाद. त्यामुळे इथल्या मुलांना पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे. रात्रीच्या गाडीने पिशवी पाठवता येते, सणाला घरी येता येते. शेत कपाशीचे, आणि कपाशीत तुरीचे तास. पत्रातली तूरडाळ अशाच तासांमधून आलेली आहे.

या भागातल्या घराचा साठा महिन्यावर चालत नाही, वर्षावर चालतो. तूर हिवाळ्याच्या अखेरीस घरात येते. मिरची आणि हळद उन्हाळ्यात वाळवून-कुटून डब्यात जातात. गहू उन्हाळ्यात पोत्याने भरला जातो, तांदळाचा कट्टा येतो, फल्लीच्या तेलाचा पिपा येतो. वड्या, कुरडया, पापड उन्हाच्या दिवसांत होतात. अशा घरातल्या बाईला चार-पाच माणसांचे वर्ष तोंडपाठ असते. एका माणसाचा महिना मात्र तिने कधी भरलेला नसतो, कारण तशी वेळच आलेली नसते. वर्षाला बाराने भागावे आणि पुन्हा माणसांनी भागावे, तर येणारा आकडा खोटा ठरतो. घरात पाहुणे असतात, सणवार असतात, दुपारचा डबा असतो, आणि गाईच्या तोंडी जाणारी शिळी पोळीही त्याच पोत्यातली असते. मुलीच्या खोलीत यातले काहीच नाही. एक कुकर, एक तवा, दोन गंज आणि दुपारचे जेवण कंपनीच्या कॅन्टीनमध्ये.

म्हणून या आईने उलटी वाट धरली. वर्षावरून खाली न येता ती एका घासावरून वर गेली. या पत्राचे मोल माझ्या मते त्या वाटेत आहे.

आधी तिने जेवणे मोजली. महिना तीस दिवसांचा, त्यात सुट्टीचे दिवस आठ. कामाच्या दिवशी दुपारचे जेवण बाहेर, म्हणजे घरी उरते फक्त रात्रीचे. तीस रात्री आणि सुट्टीच्या आठ दुपारी मिळून अडतीस जेवणे. त्यातून तिने आणखी चार वजा केली. तिचे वाक्य असे आहे: “चार वेळा तू बाहेर जेवशीलच, मैत्रिणीकडे म्हण नाहीतर कंटाळा आला म्हणून म्हण. ते आधीच धरून ठेवजो, म्हणजे मग डबा उरला की जीव खाणार नाही.” उरली चौतीस. महिन्याच्या यादीतला प्रत्येक मोठा आकडा या चौतिसावर उभा आहे.

मग एका जेवणाचे माप. वरणासाठी मुलीच्या मुठीने एक मूठ डाळ. आईने ती मूठ घरीच काट्यावर घातली होती, ती तीस ग्रॅमच्या आसपास भरली. भातासाठी छोटी अर्धी वाटी, म्हणजे पन्नास ग्रॅम तांदूळ. दोन पोळ्यांना साठ ग्रॅम कणीक. भाकरी केली तर एकीला सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम ज्वारीचे पीठ. चौतीसपैकी चोवीस जेवणे पोळीची आणि दहा भाकरीची. भाकरी-चुनाच्या रात्री मुलगी भात लावत नाही हे आईला माहीत आहे, म्हणून भात आणि वरण तिने तीसच वेळा धरले.

आता गुणाकार करून पाहावा. चोवीस वेळा साठ ग्रॅम म्हणजे १४४० ग्रॅम, यादीत लिहिली आहे दीड किलो कणीक. भाकरीचे पीठ पाऊण किलो. तीस वेळा पन्नास ग्रॅम म्हणजे दीड किलो तांदूळ. तीस मुठी डाळ म्हणजे नऊशे ग्रॅम. यादीत एक किलो आहे: पाऊण किलो तूर आणि पाव किलो मूग, कारण “पोट बरं नसलं की तूर नको वाटते.” सकाळच्या नाश्त्याला अर्धा किलो पोहे आणि अर्धा किलो रवा. दोन्ही साधारण दहा-दहा वेळा पुरतात, आणि उरलेल्या सकाळी रात्रीची पोळी किंवा दूध-फळ. चुनासाठी अर्धा किलो बेसन. उसळीला पाव किलो मूग आणि पाव किलो बरबटी. सगळे मिळून धान्य पावणेपाच किलो आणि डाळ-कडधान्य-बेसन दोन किलो.

हे आकडे पारखून घ्यावेत म्हणून मी ते राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेशी ताडून पाहिले. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८पासून हैदराबादलाच आहे, म्हणजे मुलीच्याच नव्या गावात. दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटासाठी ती २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचवते. तीस दिवसांचे धान्य झाले साडेसात किलो आणि डाळी अडीच किलोच्या जराशा वर. पण हा हिशेब दिवसाच्या सगळ्या खाण्याचा आहे. मुलगी निम्म्याहून थोडी अधिक जेवणे आणि बहुतेक नाश्ते घरी करते. आईचे पावणेपाच किलो धान्य साडेसातच्या दोन तृतीयांशापेक्षा किंचित कमी भरते, म्हणजे जिथे हवे तिथेच. डाळी मात्र तिने मुद्दाम जास्त धरल्या आहेत. कारणही तिने दिले आहे: बाहेरच्या ताटात भात भरपूर आणि वरण पातळ असते, ती कसर रात्री भरून काढायची. रेशनच्या हिशेबानेही पाहता येते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली प्राधान्य कुटुंबांना दर माणशी महिना पाच किलो धान्य ठरवून दिले. मुठीने आणि वाटीने मोजत आलेला आकडा त्याच्या शेजारी जाऊन बसतो.

तेलापाशी मात्र मला थांबावे लागले. आई लिहिते, एक लिटरची पिशवी. तिचा हिशेब असा आहे की जेवणाला तीन छोटे चमचे, म्हणजे पंधरा ग्रॅम, आणि पोहे-उपम्याला दोन. चौतीस जेवणांचे ५१० आणि वीस नाश्त्यांचे दोनशे, एकूण सातशेच्या वर. लिटरच्या पिशवीत साधारण नऊशे ग्रॅम तेल असते, म्हणजे दोनशेच्या आसपास उरायला हवे. पोषण संस्था तेल-तुपाला दिवसाचे २७ ग्रॅम देते, महिन्याचे आठशे. पण त्यात कॅन्टीनचे तेलही आले, जे मुलीच्या हातात नाही. यादीतला हा एक आकडा वाचकाने आणखी आवरता घ्यावा असे मला वाटते. आमच्या भागात वर तर्री आल्याशिवाय रस्सा झाल्यासारखा वाटत नाही, आणि आईच्या चमच्यात ती सवय उतरली आहे.

मीठ, तिखट, हळद यांचे गणित निराळे, आणि नव्याने घर मांडणारी मुले इथेच फसतात. सगळे एकेक किलो आणून मोकळे होतात. मिठाचा किलोचा पुडा एका माणसाला सहा महिने पुरतो. तो आणायला हरकत नाही, कारण मीठ बिघडत नाही. तिखट मात्र महिन्याला शंभर ग्रॅम, हळद पन्नास, जिरे आणि मोहरी पन्नास-पन्नास, त्याहून अधिक नाही. मसाला जुना झाला की डबा भरलेला दिसतो पण त्याचा वास उडून गेलेला असतो. मग भाजीत दुप्पट घातला तरी चव लागत नाही, आणि मुलगी समजते की आपल्याच हाताला चव नाही.

तिखटाबद्दल आईने एक सूचना वेगळी लिहिली आहे, ती भागाशी जोडलेली आहे. घरचे तिखट भिवापुरी मिरचीचे. हैदराबादच्या बाजारात गुंटूरच्या मिरचीचे तिखट सहज मिळते, आणि ते जहाल असते. “घरचं संपलं अन् तिथलं आणलं तर आधी निम्मं घालून पाहजो,” असे ती बजावते. चमच्याचे माप सगळीकडे सारखे असले तरी त्यातला जिन्नस सारखा नसतो, हे पाककृतींच्या पुस्तकांत क्वचितच सांगितलेले असते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७०मध्ये वाटी-चमच्याच्या भाषेत पदार्थ सांगितले आणि कितीतरी घरांत नव्या सुनांना, मुलींना आधार दिला. पण पदार्थाचे माप ताटापुरते असते. महिन्याचे माप धरायला खाणाऱ्याचे दिवस कसे जातात ते माहीत असावे लागते, आणि ते आईखेरीज दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

यादीचे दोन भाग आहेत: घरून पाठवलेले आणि तिथे घ्यायचे. घरून गेले ते तूरडाळ, तिखट, वायगावची हळद, जवसाची चटणी, मुंगवड्या, कुरडया आणि लोणचे. तिथे घ्यायचे ते तांदूळ, कणीक, ज्वारीचे पीठ, पोहे, रवा, बेसन, तेल, साखर, चहा, गूळ, चिंच आणि फल्लीदाणे. वाटणीचे सूत्र सरळ आहे. जे टिकते आणि ज्याची चव घरची लागते ते पिशवीतून, जे जड आहे किंवा लवकर बिघडते ते दुकानातून. दुकानात अडू नये म्हणून आईने तेलुगू नावेही लिहून दिली आहेत: तूरडाळीला कंदीपप्पू, मूगडाळीला पेसरपप्पू, ज्वारीच्या पिठाला जोन्नपिंडी, फल्लीच्या तेलाला पल्लीनूने, चिंचेला चिंतपंडू. केळापूर तालुका सीमेवरचा, तेलुगू बोलणारी माणसे बाजारात रोज भेटतात. आईला ही नावे त्यांच्याकडूनच मिळालेली.

पत्रातला सर्वांत भरीव भाग बिघाडाचा आहे. त्यातल्या तीन गोष्टी इथे थोड्या उलगडून सांगतो.

पहिली, ज्वारीच्या पिठाची. आई म्हणते, पाऊण किलो एकदम घेऊ नकोस, अर्धा किलो आधी आणि पावभर पंधरा दिवसांनी. ज्वारी दळली की दाण्यातली चरबी उघडी पडते आणि उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत पीठ कडवट व्हायला लागते. शिवाय पिठाची विरी जाते. ओळखायचे कसे? मूठभर पीठ भिजवून गोळा मळावा. तो चिकटून न येता कडांना चिरा पडत असतील, थापताना भाकरी फाटत असेल, तर विरी गेली. चव चांगली असेल तर अशा पिठाला उकळते पाणी घालून मळावे, भाकरी जमते. कडू झाले असेल तर मात्र टाकूनच द्यावे, कारण पाण्याने कडूपणा जात नाही.

दुसरी, न शिजणाऱ्या डाळीची. नव्या गावात मुलींना पहिला धक्का हाच बसतो. घरी तीन शिट्ट्यांत मऊ होणारी डाळ तिथे सहा शिट्ट्यांनी दातांखाली येते, आणि दोष डाळीला दिला जातो. कारणे दोन असतात. डाळ जुनी आणि उकाड्यात पडून राहिलेली असेल तर तिचे दाणे आतून घट्ट होतात. दुसरे कारण पाणी: बोअरच्या जड पाण्यातले चुन्याचे क्षार डाळीच्या गराला मऊ होऊ देत नाहीत. इथे डाळ घरचीच गेलेली आहे, म्हणजे शंका पाण्यावर. आईचा उपाय असा: अर्धा तास भिजवावी, कुकरमध्ये पिण्याचे गाळलेले पाणी घालावे, आणि चिंच किंवा टमाटर डाळ शिजल्यावरच टाकावे. आंबटात डाळ शिजायला वेळ लागतो. एक दिवस गाळलेल्या पाण्यात आणि एक दिवस नळाच्या पाण्यात तीच डाळ शिजवून पाहिली की दोष कुणाचा ते कळते.

तिसरी, किडीची. इथे पत्रात एक सूक्ष्म नजर आहे. आईने डाळ किलोभर धरली, पण सबंध मूग आणि बरबटी पाव-पाव किलोच घ्यायला सांगितली. कडधान्यातला भुंगा अंडी घालतो ती सबंध दाण्याच्या सालीवर. बरबटी उजेडात धरली तर पांढरे ठिपके दिसतात, तीच ती. अळी दाण्यात शिरते, आतला गर खाते आणि भुंगा होऊन गोल भोक पाडून बाहेर येते. भोके दिसू लागली म्हणजे एक पिढी बाहेर पडून गेली. फोडलेल्या, साल काढलेल्या डाळीत त्याला तशी जागा मिळत नाही, म्हणून डाळ जास्त टिकते. उबेत हे सगळे चक्र साधारण महिनाभरात पुरे होते. चुकून अंडी लागलेले कडधान्य आलेच, तरी महिन्यात संपणारा साठा पुढची पिढी पसरायच्या आत संपतो. वर्षाच्या साठ्याला एरंडेल चोळावे लागते, कडुनिंबाचा पाला ठेवावा लागतो, उन्हे द्यावी लागतात. महिन्याच्या डब्याला तो कोरडा असावा आणि झाकण घट्ट बसावे एवढे पुरते. आई सांगते ते इतकेच: “जुन्यावर नवं ओतू नको. डबा रिकामा कर, पुसजो, उन्हात ठेवजो, मग भरजो.” तळाशी राहिलेल्या मूठभर जुन्या धान्यातूनच कीड नव्यात जाते. रव्याचे तेच. चमचा घातल्यावर रवा धाग्यांनी जोडलेल्या गोळ्यांसारखा वर आला तर त्यात जाळी झाली, आणि तो टाकायचा. आणल्याबरोबर मंद आचेवर कोरडा भाजून, पूर्ण गार करून भरला तर ही वेळ येत नाही. गरम भरला तर झाकणाखाली पाणी सुटते आणि उलटाच घोळ होतो.

या यादीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तिच्यात भाजी, दूध, दही, फळे नाहीत, कारण ती आठवड्याची खरेदी. सांबार आणि हिरवी मिरची कशी टिकवावी हे नाही. भावही नाहीत. आईला ते तिथले ठाऊक नव्हते, आणि लिहिले असते तरी पुढच्या महिन्यात बदलले असते. ही यादी कामाच्या दिवशी दुपारी बाहेर जेवणाऱ्या, आठ सुट्ट्या मिळणाऱ्या, पोळी आणि भात दोन्ही खाणाऱ्या एका मुलीची आहे. रात्रपाळी करणारीला, डबा नेणारीला, दोघींनी मिळून स्वयंपाक करणाऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. दोघी असल्या तर तेल, गॅस आणि मसाला दुप्पट लागत नाही, पण धान्य आणि डाळ जवळजवळ दुप्पट लागते.

म्हणून वाचकांनी पत्राच्या शेवटच्या पानाकडे विशेष लक्ष द्यावे. तिथे आईने मुलीला काम नेमून दिले आहे. महिनाअखेर प्रत्येक डब्यात काय उरले ते वाटीने मोजायचे, आणि काय किती तारखेला संपले ते लिहून ठेवायचे. समजा, तूरडाळ २४ तारखेलाच संपली. तर आधी जेवणे मोजायची. चौतीसऐवजी चाळीस झाली असतील तर मूठ बरोबर होती, मोजणी चुकली. जेवणे चौतीसच असतील तर मूठ मोठी झाली आहे, आणि ती मोठीच ठेवून पुढच्या यादीत डाळ वाढवायची, कारण मुलीची भूक कमी धरली गेली होती. डाळ उरली असेल तर तिसरी शक्यता पाहायची: रात्री स्वयंपाक न करताच किती वेळा झोपलीस? आईला उत्तर हवे आहे ते या प्रश्नाचे, आणि ते तिने डाळीच्या डब्याकडून मागितले आहे. पोरगी फोनवर “जेवले” म्हणेल, हे तिला माहीत आहे.

पत्राचा उपयोग करायचा तो याच क्रमाने करावा. आधी आपली घरची जेवणे मोजा, मग आपली मूठ आणि वाटी एकदा काट्यावर घाला, गुणाकार करा, लवकर बिघडणारे दोन हप्त्यांत घ्या, आणि महिनाअखेर डबे पाहून आकडे सुधारा. दुसऱ्या महिन्याची यादी मुलीने स्वतः केली होती. तीही पत्राच्या मागे छापली आहे. तिच्यात तेल पाऊण लिटर आहे आणि बेसन पाव किलोने जास्त.